भट्टी उतरल्यावर

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की यवतमाळ जिल्ह्यातल्या बेकऱ्यांपुढे पिशव्यांची रांग लागते. यवतमाळ शहर असो, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड किंवा वणी असो, रीत एकच. घरून मैदा, पिठीसाखर, तूप किंवा डालडा, वेलदोडे घेऊन यायचं, बेकरीत नानकटाई करून घ्यायची, किलोमागे भाजणावळ द्यायची आणि तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात भरून घरी न्यायची. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी सुरू झालेली असते, हातात थोडा पैसा खेळत असतो. घरच्या चकल्या-अनारशांइतकीच बेकरीची ही फेरीही ठरलेली. मी दिग्रसच्या एका बेकरीत काम शिकलो आणि पुढे बरीच वर्षं भट्टीपुढे उभा राहिलो. त्या रांगेतली जवळजवळ प्रत्येक बाई पिशवी हातात देताना एकच गोष्ट बजावायची : "लाल नोको करजो बावा, पांढरीच ठेवजो."

ही मागणी ऐकायला सोपी आणि करायला सगळ्यात अवघड. लाल करणं कुणालाही जमतं. कच्ची ठेवून पांढरी राखणंही जमतं. पांढरी राहिली पाहिजे, पण आतपर्यंत भाजलेली पाहिजे; मोडली की रवाळ भुगा व्हावा, टाळूला मैदा चिकटू नये आणि महिनाभर डब्यात तशीच राहावी. एवढं सगळं एकत्र साधायचं तर त्याला एकच वाट आहे, ती म्हणजे मध्यम आच. मंद नव्हे, मध्यम. या दोहोंत फरक आहे आणि माझ्या मते नानकटाईचं अर्धंअधिक काम त्या फरकातच आहे.

आमची भट्टी विटांची, घुमटाच्या छताची, खाली जाड लादी. लाकडं आतच जाळायची. बाभळीची लाकडं जळून निखारे झाले की ते एका कडेला ओढायचे, लादी ओल्या पोत्याने पुसून घ्यायची आणि मग माल टाकायचा. अशा भट्टीला आच कमी-जास्त करायचं बटण नसतं. विटांनी पोटात घेतलेली उष्णता ती हळूहळू परत देते आणि रात्रभर उतरत जाते. म्हणून भट्टीवरच्या कामाला क्रम असतो. सगळ्यात कडक आच पावाची, कारण पाव फुगला पाहिजे आणि त्याच्या माथ्यावर रंग आला पाहिजे. त्यामागून खारी. मग नानकटाई आणि बिस्किटं. शेवटी, भट्टी अगदी निवत आली की टोस्टाच्या चकत्या आत टाकून दार लावून द्यायचं, त्या सकाळपर्यंत सुकतात. पुढे आम्ही भट्टीच्या तोंडाशी डायलचं थर्मामीटर बसवलं, तेव्हा आकडे कळले. पावाच्या वेळी काटा २३० अंशांच्या पुढे असायचा, नानकटाईला लागायचे १५० ते १७०. म्हणजे नानकटाईची आच भट्टीत रोज येते, पण वाटेवरच्या थांब्यासारखी येते. तेवढ्यात माल आत गेला पाहिजे.

नानकटाई मूळची सुरतेची. डच व्यापाऱ्यांच्या वखारीतली बेकरी पुढे पारशी दोतीवाला घराण्याकडे आली, उरलेला पाव भट्टीत पुन्हा सुकवून विकायची पद्धत पडली आणि त्यातून बटासा व नानकटाई निघाली, असं सुरतेत सांगतात. भट्टीपुढे काम केलेल्या माणसाला ही कथा पटते, कारण नानकटाई अजूनही पावानंतरच्या उष्णतेवरच जगते.

थर्मामीटर नव्हतं तेव्हा आच वाचायची कशी, हे मला आमच्या मुख्य कारागिरांनी शिकवलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते लादीवर चिमूटभर मैदा भिरकावत आणि बघत उभे राहत. मैदा पडताक्षणी तांबूस होऊन धुरकटला तर भट्टी अजून पावाची. हळूहळू पिवळसर होत गेला, वास भाजल्या पिठाचा आला पण जळका आला नाही, की नानकटाईची. बराच वेळ पांढराच राहिला तर वेळ निघून गेली. मैद्याची ही परीक्षा लादीची आच सांगते, छताची नाही. छतासाठी ते उघडा हात आत धरत आणि मनात आकडे मोजत. दोन्ही जुळल्यावरही ते पूर्ण पत्रा टाकत नसत. एका लहान पत्र्याच्या तुकड्यावर दोन-तीन गोळे आधी जात. त्यांचं काय होतं ते पाहायचं आणि मगच बाकीचा माल.

पाव निघाल्यावर लगेच नानकटाई टाकायची नाही, हेही तेव्हाच शिकलो. एक तर आच जास्त असते आणि दुसरं म्हणजे भट्टीत पावाची वाफ कोंडलेली असते. दार थोडा वेळ उघडं ठेवून वाफ जाऊ द्यायची. नानकटाईचं काम सुकण्याचं आहे. ओल्या हवेत ते रेंगाळतं.

आता पिठाकडे येतो. आमचं माप साधं होतं : ९०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, ६०० ग्रॅम तूप, ५०० ग्रॅम पिठीसाखर, चवीपुरतं मीठ, वेलदोडा-जायफळ आणि किलोमागे अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा. पाण्याचा थेंबही नाही. हाच या पदार्थाचा पाया. मैद्यात पाणी पडलं आणि मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून चिवट जाळं तयार करतात. पोळीला ते हवं, नानकटाईला नको. इथे तूप आधीच मैद्याच्या कणाकणावर बसतं, जाळं होऊ देत नाही आणि म्हणून नानकटाई मोडते, तुटत नाही. मैदा घातल्यावर मळायचं नसतं, नुसतं गोळा करायचं. बऱ्याच घरून सूचना यायची की "चांगलं तिंबून घ्या". त्या काकूंना मी दोन मुठी वेगळ्या करून दाखवायचो, एक नुसती गोळा केलेली आणि एक पाच मिनिटं तिंबलेली. तिंबलेली तुपाने चकाकायला लागते, तिच्यातून तूप सुटतं आणि भाजल्यावर ती पसरते नि घट्ट होते.

खरी मेहनत त्याआधी, तूप-साखर फेसण्यात. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताच्या टाचेने एकाच दिशेने घासत राहायचं. आधी ते पिवळट आणि जड असतं, मग पांढरं होतं, मग हाताला हलकं लागायला लागतं. झालं की नाही हे पाहायला वाटीभर पाण्यात थेंबभर टाकायचं : तरंगलं तर झालं. ही परीक्षा घरोघरी माहीत आहे, पण साखर घालायच्या आधी ती करून उपयोग नाही, कारण नुसतं तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, ते न फेसताही तरंगतं. साखर जड. तूप-साखरेचं न फेसलेलं मिश्रण पाण्यात तळाला जातं. फेसण्याने त्यात पुरेशी हवा गेली तरच ते वर येतं. म्हणजे तरंगणारा तो थेंब आत किती हवा कोंडली ते सांगतो आणि भाजताना जी भुसभुशीत पोकळी मिळते ती बव्हंशी याच हवेची. सोड्याचं काम त्याला हातभार लावण्याइतकंच. ज्यांनी फेसण्यात हात आखडता घेतला ते सोडा वाढवतात आणि मग नानकटाईला साबणासारखी चव येते. शिवाय सोडा जास्त झाला की रंगही लवकर चढतो. पांढरी हवी असेल तर सोडा वाढवायचाच नाही.

साखर पिठीच हवी, दाणेदार नको. पीठ कोरडं असल्याने दाणे त्यात विरघळत नाहीत. ते भट्टीत वितळतात, नानकटाईला बाजूंना ओढतात आणि तळाला ठिकठिकाणी तपकिरी डाग सोडतात.

गोळे वळून पत्र्यावर ठेवले, बोटाने हलकं दाबून मधोमध चारोळी किंवा बदामाचा काप बसवला, की पत्रा भट्टीत. आत काय होतं ते नीट समजून घेतलं तर आचेचं सगळं गणित उलगडतं. तूप तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं, डालडा थोडा पुढेमागे. म्हणजे पत्रा आत जाताच नानकटाईचा सांगाडा, म्हणजे ते गोठलेलं तूप, आधी ढिला पडतो. त्याच वेळी मैद्यात मुळातच असलेला ओलावा बाहेर पडायला लागतो, हवा आणि सोड्याचा वायू फुगतो, कडा सुकून आकार धरतात. एकीकडे तूप तिला खाली सोडतंय, दुसरीकडे सुकणं तिला उभं धरतंय. आच मध्यम असली तर सुकणं वेळेवर पोचतं, नानकटाई थोडीशी पसरते, वर भेगा पडतात आणि तशीच थांबते. आच मंद असली तर तूप आधी जिंकतं. गोळ्याची चपटी चकती होते, भोवती तुपाची ओली कड दिसते, भेगा पडतच नाहीत. अशी नानकटाई पांढरी असते खरी, पण ती पांढरी राखण्याचा हा मार्ग नव्हे. तासभर ठेवलीत तरी ती कडक होईल, भुसभुशीत होणार नाही.

आणि आच कडक असली तर वरचा पापुद्रा आधी बसतो. रंग येण्याची क्रिया पृष्ठभाग चांगला सुकून १४० अंशांच्या वर गेला की जोर धरते. नानकटाईत पाणी नसल्यासारखंच, त्यामुळे तिचा पृष्ठभाग पावापेक्षा कितीतरी लवकर तिथे पोचतो. २०० अंशांवर दहा-बारा मिनिटांत ती देखणी सोनेरी दिसते. गिऱ्हाईक खूश होतं, घरी नेतं, मोडतं आणि मधोमध ओलसर, गडद अशी एक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे कच्चा मैदा. दातांत चिकटते आणि आठवड्याभरात त्याच जागेवरून नानकटाई मऊ पडून कुबट व्हायला लागते. म्हणून मी रंगावर कधीच भरवसा ठेवला नाही. १५५-१६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं, एवढ्यात अठ्ठावीस-तीस ग्रॅमची नानकटाई आतपर्यंत सुकते आणि वरचा भाग पांढऱ्याहून किंचित सायीच्या रंगाकडे जातो. रंग पाहायचाच तर तळाचा पाहावा : तळ फिकट बदामी झाला की पुरे.

इथे एक अडचण असते. गरम नानकटाई मऊच असते, कारण तिच्यातलं तूप वितळलेलं असतं. घरी ओव्हन असलेल्या बायका बोटाने दाबून बघतात, मऊ लागली की "अजून कच्ची आहे" म्हणून पाच मिनिटं वाढवतात आणि लाल करून बसतात. दाबायचं नाही, कडेला बोट लावून हळूच ढकलायचं. जागेवरून अखंड सरकली तर झाली. कड चेमटली आणि तळ पत्र्याला चिकटून राहिला तर नाही झाली. निवल्यावर तूप पुन्हा गोठतं आणि तेव्हा कुठे तिला तिचा खरा कणा मिळतो. तोवर पत्र्यावरून उचलायची नाही.

एका दिवाळीत दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून आजी आणि त्यांची सून आल्या होत्या. दोन किलोचा माल, घरच्या म्हशीचं तूप. आजी भट्टीसमोर पोतं टाकून बसल्या, कारण बेकरीवाला तूप काढून घेतो असा त्यांना पक्का संशय. असे संशय सगळ्याच गावांत असतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. घरचं तूप कष्टाचं असतं. दोन किलो मैदा-रव्याला बाराशे ग्रॅम तूप आणि किलोभर साखर, म्हणजे चार किलो दोनशे ग्रॅमचा गोळा झाला. एका पत्र्यावर छत्तीस, प्रत्येक अठ्ठावीस ग्रॅमची, म्हणजे पत्र्यागणिक साधारण किलो. चार पत्रे आणि वर थोडं पीठ.

पहिले दोन पत्रे काटा १६५वर असताना गेले. थंड पत्रे आत गेले की काटा लगेच दहा-बारा अंशांनी उतरतो, ते गृहीत धरूनच आत टाकायचे. बावीस मिनिटांनी काढले. हव्या तशा भेगा, फिकट तळ. आजींनी निवलेल्या पत्र्याचं वजन करायला लावलं. पत्रा वजा जाता ९६० ग्रॅम भरले. "चाळीस गिराम कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण नानकटाई झाली की नाही हे ओळखायची याहून चांगली खूण मला सापडलेली नाही. कोरड्या दिसणाऱ्या मैद्यातही शेकडा तेरा भागांच्या आसपास पाणी असतं. किलोभर पिठाच्या गोळ्यात मैदा-रवा निम्म्याहून कमी, म्हणजे त्यातलं पाणी साठेक ग्रॅम. त्यातलं चाळीसेक ग्रॅम वाफ होऊन गेलं की नानकटाई आतपर्यंत सुकली, थोडा ओलावा तिच्यात राहतोच. वजन वीसच ग्रॅम उतरलं तर रंग कितीही सुंदर असो, मधली रेघ ओली आहे. तूप जातच नाही, ते भट्टीत उडत नसतं. आजींनी दुसरा पत्राही काट्यावर ठेवायला लावला, तोही दोन-चार ग्रॅमच्या फरकाने तेवढाच भरला. मग त्या पोत्यावर जरा सैल बसल्या.

त्यांचे उरलेले दोन पत्रे मात्र मधल्या दोन घरांच्या मालामागे राहिले होते. तोवर काटा १३०च्या खाली आला. नमुन्याचे दोन गोळे टाकले, ते पसरले, भोवती तुपाची कड आली. सून म्हणाली, "टाका ना दादा, जरा जास्त वेळ ठेवा." हाच तो मोह, आणि हीच ती चूक जी वेळ वाढवून दुरुस्त होत नाही. तूप एकदा सुटलं की सुटलं. आम्ही भट्टीत पऱ्हाटीची एक पेंडी जाळली. कापसाच्या झाडाची ही वाळली खोडं आपल्याकडे शेताच्या बांधावर रचलेली असतात. भरकन पेटतात, मोठी ज्योत देतात आणि लवकर संपतात. ज्योत छताला भिडते, छत तापतं, पण लादीपर्यंत तेवढी उष्णता पोचत नाही. अशा वेळी लगेच पत्रे टाकले तर वरून लाल आणि खालून कच्ची, असा सगळ्यात वाईट माल निघतो. म्हणून राख ओढून घेतली, दार लावलं आणि भट्टी मुरू दिली. अर्ध्या तासाने छत आणि लादी एका आचेवर आली, काटा १६०ला स्थिर झाला, नमुना बरोबर उतरला आणि मग आजींचे दोन पत्रे आत गेले. ते पीठ एवढा वेळ ओल्या फडक्याखाली नव्हे, कोरड्या फडक्याखाली, भट्टीपासून दूर ठेवलं होतं. ओलं फडकं लावलं तर वरच्या थराला पाणी लागतं.

तूप म्हशीचं आणि नीट कढवलेलं असल्यामुळे तिथे अडचण आली नाही. पण घरोघरचं तूप वेगळं असतं आणि आच त्याप्रमाणे थोडी बदलावी लागते. बेरी गाळलेली नसेल तर तिचे कण आधी करपतात, नानकटाईवर तांबूस ठिपके दिसतात. काही जणी लोणीच आणतात. लोण्यात शेकडा पंधरा-सोळा भाग पाणी असतं, घरच्या ताकाच्या लोण्यात त्याहून जास्त. ते मैद्याला चिवट करतं आणि ताकातली साखर-प्रथिनं रंग चढवतात. त्यांना मी सरळ सांगायचो की लोणी कढवून आणा, मग करू. डालडाची नानकटाई सगळ्यात पांढरी होते, कारण त्यात रंग चढवणारं काही नसतं आणि उन्हाळ्यात तो साजूक तुपापेक्षा घट्ट राहतो. चव तुपाची ती तुपाचीच, हे मात्र मी कुठल्याही गिऱ्हाइकापुढे बोलेन. डालडात पूर्वी जी ट्रान्स चरबी भरपूर असायची ती आता २ टक्क्यांवर आणण्याचा नियम २०२२पासून लागू आहे, तेव्हा डबा घेताना त्यावरचा मजकूर वाचून घ्यावा.

बेसन किंवा मुगाचं पीठ घातलं तर रंग येणारच, त्याला इलाज नाही. गुळाच्या नानकटाईत तर डोळे निरुपयोगीच ठरतात. गूळ स्वतःच तांबूस आणि त्यातल्या साखरेचा काही भाग असा असतो की तो लवकर करपतो. तिथे आच १४५-१५०वर ठेवायची आणि काट्यावरच्या वजनावरच चालायचं.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं बोलायला हवं. मे महिन्यात यवतमाळात पारा ४४-४५वर जातो, तूप डब्यातच पाण्यासारखं असतं. पातळ तूप फेसलं जात नाही, कितीही हात घासा, हवा त्यात टिकत नाही. मुलांच्या सुट्टीसाठी बिस्किटं करून घ्यायला घरं तेव्हाही यायची. आम्ही आदल्या रात्री तुपाचं भांडं माठाच्या पाण्यात बसवायचो आणि पहाटे, उजाडायच्या आत फेसून घ्यायचो. गोळे वळले की पत्रे थंड लादीवर पंधरा मिनिटं ठेवायचो, म्हणजे तूप परत जरा घट्ट व्हायचं. आणि त्या दिवसांत भट्टीत माल पाच-सात अंश वरच्या आचेवर टाकायचो, म्हणजे तूप पळायच्या आत कडा बसतील. पन्नास ग्रॅम तूप कमी केलं तरी चालतं, पण मग भुसभुशीतपणाही तेवढा कमी, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं.

आता लाकडाच्या भट्ट्या कमी होत चालल्या आहेत. मुंबईत २०२५च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं. आपल्याकडे विजेचे आणि गॅसचे ओव्हन हळूहळू त्यांची जागा घेतायत. धुरातून कामगाराची सुटका होते, हे चांगलंच आहे. मीही शेवटची वर्षं विजेच्या ओव्हनवर काम केलं. तिथे वरची आणि खालची आच वेगळी ठेवता येते आणि काटा जागेवर थांबतो. पण उतरत्या भट्टीची एक गोष्ट तिथे मुद्दाम करावी लागते. भट्टीत नानकटाई १६५वर आत जायची आणि १५०वर बाहेर यायची. सुरुवातीची जरा चढी आच आकार बसवते, शेवटची उतरती आच रंग न चढवता आतला ओलावा काढते. विजेच्या ओव्हनमध्ये मी पहिली दहा मिनिटं १६५ आणि पुढची बारा मिनिटं १५० अशी आच ठेवायचो आणि माल भट्टीच्या तोडीचा निघायचा.

घरच्या लहान ओव्हनसाठीही हेच करा. घरच्या ओव्हनची तबकडी सांगते ती आच आणि आतली आच यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचं साधं थर्मामीटर एकदा घेऊन पाहा. ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवा, जाळी मधोमध ठेवा. खालची कॉइल पत्र्याच्या फार जवळ असेल तर एकाखाली एक असे दोन पत्रे घ्या, तळ करपणार नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू पसरून, वर स्टँड, त्यावर ताटली, झाकण लावून गॅसवर होते, पण पातेलं रिकामं पंधरा मिनिटं तापवल्याशिवाय माल आत टाकू नका. कोमट पातेल्यात ती पसरणारच.

भाजलेली नानकटाई डब्यात भरायची घाई करू नका. आत जरा ऊब असली तरी डब्याच्या झाकणाला दव धरतं आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ. पत्र्यावर पूर्ण गार होऊ द्या, मग पत्र्याच्या किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तळाला कागद घालून भरा. आणि यंदाच्या दिवाळीला घरी करणार असाल तर सगळं पीठ एकदम वळून ठेवू नका. आधी दोन-तीनच भाजा, पूर्ण गार करा, मधोमध मोडा. आतली रेघ कोरडी आणि कडेसारखीच पांढरी दिसली की उरलेला घाणा त्याच आचेवर टाका.